‘तयार केले’च्या रकान्यात नाव कोणाचं?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीत क्वालिटीला नवीन लागलेल्या पोरांना सँड टेस्टिंग शिकवणारे पुष्कळ भेटतात. रिपोर्टवर कोणाचं नाव कुठं घालायचं, हे मात्र कोणी सांगत नाही. आणि वर्ष उलटायच्या आत कोणीतरी टेबलाशी येऊन म्हणतंच, "तेवढं त्याचं नाव काढ की, माझं घाल. तो तर गेला आता." फाइल माझ्याकडे असते, म्हणून हे मला बऱ्याचदा ऐकावं लागतं. त्यातलं एक प्रकरण सविस्तर सांगतो.

पंपाच्या हाउसिंगचं कास्टिंग होतं. मशीनिंगला गेल्यावर पृष्ठभागाखाली वाळूचे कण निघत होते, सँड इन्क्लुजन. दोष कशानं आला आणि त्यावर उपाय काय केला, हे सांगणारा एटडी रिपोर्ट गिऱ्हाइकानं मागितला. आमच्यातल्या एका ज्युनिअर मुलानं तो पहिल्यांदा केला. नाकारलेले नग त्यानं हीट नंबरवरून वेळेप्रमाणे लावले, तेव्हा बहुतेक दुपारनंतरचे निघाले. मग त्यानं सँडचा ओलावा एका जागी न मोजता दोन जागी मोजला. सँड कालवायच्या मशीनमधून, म्हणजे मुलरमधून, बाहेर पडताना ३.६ टक्के यायचा, मोल्डिंग मशीनपाशी पोचेपर्यंत २.९. सकाळपासून फिरून फिरून रिटर्न सँड तापलेली असायची आणि बेल्टवरच तिचं पाणी उडून जायचं. कोरड्या सँडच्या मोल्डच्या कडा ठिसूळ होतात, धातू ओतला की कण सुटून आत जातात. मुलरपाशीच मोजत राहिलो असतो, तर ओलावा ठीकच दिसला असता. रिपोर्ट सही होऊन गिऱ्हाइकाकडे गेला, आणि थोड्या दिवसांनी तो मुलगा शिरोलीला दुसऱ्या कंपनीत लागला.

पुढचं काम आमच्या एका सिनिअर साहेबांनी केलं, आणि ते काही कमी नव्हतं. रिटर्न सँडच्या बेल्टवर पाण्याचे फवारे बसवून घेतले, ओलावा तपासायची जागा मुलरवरून मोल्डिंग मशीनपाशी आणली, तीन लॉट ओतून निकाल पाहिला, रिपोर्टचा अर्धा मजकूर नव्यानं लिहिला. ऑडिट जवळ आलं तेव्हा ते म्हणाले, "पहिल्या पानावर माझं एकट्याचं नाव असू दे. काम मीच केलंय की."

मी म्हणालो, "साहेब, त्याचं नाव काढता येणार नाही. तुमचं नाव मात्र येणार. रिपोर्टची नवी आवृत्ती, सुधारणा १, काढू या."

नकाराची कारणं मी त्यांना सांगितली ती अशी. पहिल्या रिपोर्टची, म्हणजे सुधारणा ० ची, प्रत गिऱ्हाइकाकडे आधीच आहे. तोच नंबर, तीच तारीख आणि नाव वेगळं, अशा दोन प्रती ऑडिटरच्या हाताला लागल्या तर तो सँडचं विचारायच्या आधी कागदपत्रांचं विचारणार. शिवाय ओलाव्याच्या तक्त्यावर दर तासाला त्या मुलाची सही आहे. ‘दोन जागी मोजायचं कसं सुचलं?’ असा प्रश्न आला, तर ज्याचं नाव वर आहे त्याला उत्तर यायला हवं. ‘तयार केले’चा रकाना बक्षिसाचा नाही, प्रश्न कोणाला विचारायचा ते सांगणारा आहे.

साहेबांची तक्रार खोटी नव्हती, हेही लक्षात घ्या. त्यांची मेहनत रिपोर्टमध्ये कुठंच दिसत नव्हती. नुसतं ‘नाही’ म्हणून फाइल बंद केली असती, तर त्यांनी दुसऱ्याकडून नाव बदलून घेतलं असतं. माणूस दुसऱ्याचं नाव खोडायला येतो तेव्हा बहुतेक वेळा त्याचं स्वतःचं नाव घालायला जागा नसते. ती आधी करून द्यावी.

आम्ही शेवटी पहिल्या पानावर हे घातलं (नावांच्या जागी इथं हुद्दे लिहितो):

सुधारणा ०: तयार केले – ज्युनिअर इंजिनिअर. मूळ तपासणी व कारण.
सुधारणा १: तयार केले – सिनिअर इंजिनिअर. उपाययोजना, तीन लॉटची पडताळणी, कलम ५ ते ७ नव्याने.
मापने व कारणमीमांसा (कलम २ ते ४): सुधारणा ० प्रमाणे, बदल नाही.
निरीक्षण: सँड प्लांट ऑपरेटर, लॉगबुकातील नोंद.
तपासले, मंजूर: विभागप्रमुख.

यातली तिसरी ओळ नवीन लोक हमखास विसरतात. गेलेल्या माणसाचं नाव काढायचं नाही, तसंच त्यानं न पाहिलेल्या मजकुरावर ते चढवायचंही नाही. सुधारणा १ चे निष्कर्ष त्या मुलानं वाचलेले नव्हते. म्हणून त्याला ‘संयुक्तपणे तयार केले’ असं न लिहिता त्याची कलमं कोणती, एवढंच सांगितलं. त्याचं नाव नव्या सुधारणेखाली घालायचं असतं, तर फोन करून मजकूर दाखवून होकार घ्यावा लागला असता. आणि तो आता दुसऱ्या कंपनीत, तेव्हा गिऱ्हाइकाची माहिती त्याला दाखवायची की नाही, हे आधी विभागप्रमुखांना विचारावं लागलं असतं.

चौथी ओळ माझ्या हट्टानं आली. दुपारी सँड हाताला गरम लागते, हे ऑपरेटर अण्णांनी लॉगबुकात कन्नडमध्ये कधीच लिहून ठेवलं होतं. त्या मुलाला कन्नड वाचता येत होतं म्हणून ते त्याच्या नजरेला पडलं. अण्णांनी रिपोर्ट लिहिला नाही, तेव्हा ते ‘तयार केले’मध्ये बसत नाहीत. पण दिशा त्यांच्या नोंदीनं मिळाली. आपल्याकडे असली नावं पहिल्याच मसुद्यात गळतात, आणि ती मागायला कोणी येतही नाही.

हाच रिपोर्ट पुढं पेपर म्हणून पाठवायचा झाला, तर क्रेडिट नावाची पद्धत माहीत असू द्या. तिच्यात कामाच्या १४ भूमिका ठरवून दिल्या आहेत. पहिला मसुदा लिहिणं आणि तपासून संपादन करणं या त्यात वेगवेगळ्या आहेत. आमचं निम्मं भांडण तेवढ्यावरच होतं. बरीच जर्नलं ही यादी मागतात, म्हणून कोणी काय केलं ते काम चालू असतानाच लिहून ठेवावं.

‘रिपोर्ट कंपनीचा, नाव कोणाचं का असेना’ असंही ऐकायला मिळतं. नोकरीत लिहिलेल्या मजकुराचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, सहसा कंपनीचा असतो, हे बरोबर. पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ नुसार लेखक म्हणून ओळख सांगण्याचा हक्क त्याहून वेगळा आहे, कॉपीराइट दुसऱ्याला दिल्यानंतरही तो राहतो. हे ऑफिसात मोठ्यानं वाचून दाखवायची गरज नाही. साहेबांना सुधारणेचा तक्ता दाखवला की काम होतं. त्यातूनही कोणी अडून बसलं, तर ‘विभागप्रमुखांना मेल टाका, त्यांनी मंजूर केलं तर बघू’ म्हणायचं. आमच्याकडे तो मेल अजून कोणी टाकलेला नाही.

वर्डच्या फाइलमध्ये `Author` म्हणून दिसणाऱ्या नावावरून मात्र वाद घालू नका. जुनी फाइल उघडून `Save As` केली, की बहुतेक वेळा पहिल्या माणसाचंच नाव तिथं राहतं. आमच्या निम्म्या रिपोर्टांत अजून एका निवृत्त साहेबांचं नाव निघतं, कारण टेम्प्लेट त्यांनी केलेलं. `Last Modified By` मध्येही शेवटी ज्यानं स्पेलिंग सुधारून सेव्ह केलं तोच दिसतो. कोणी काय केलं हे ठरवायचं असेल, तर तासाचा तक्ता, लॉगबुक आणि सही झालेल्या जुन्या प्रती काढा.