लाइट गेली की पोर्ट बंद? कन्सोलचा पत्ता राखून ठेवताना या चुका टाळा

अंबाजोगाईहून भाच्याचा फोन आला. "मामा, लाइट जाऊन आली की पुन्हा तसंच व्हायलंय. परवा तुम्ही पोर्ट उघडून दिलं, तेव्हा गेममध्ये NAT ओपन दिसत होतं. आज मॉडरेट दाखवायलंय. राउटरमध्ये रूल तर जिथल्या तिथं आहे!"

रूल जिथल्या तिथं होता, हेच तर दुखणं. पोर्ट फॉरवर्डिंगच्या त्या रूलमध्ये लिहिलं होतं: UDP 3074 या पोर्टवर बाहेरून येणारं सगळं 192.168.1.5 कडे पाठव. त्या दिवशी प्लेस्टेशनचा पत्ता .5 होता. लाइट गेली, राउटर बंद पडला. बऱ्याच घरगुती राउटरांना बंद झाल्यावर कुणाला कोणता पत्ता दिला होता ते आठवत नाही. लाइट आल्यावर घरातले फोन आधी जोडले गेले, .5 ताईच्या फोनला मिळाला. भाचा संध्याकाळी खेळायला बसला, तर प्लेस्टेशनला .8. राउटर मात्र इमानेइतबारे गेमचा माल ताईच्या फोनकडे पाठवतोय. असं झालंय का हे ओळखायला कन्सोलच्या नेटवर्क सेटिंगमधला आयपी आणि रूलमधला आयपी शेजारी ठेवून बघा.

यावर लोक हमखास करतात ती चूक म्हणजे कन्सोलमध्येच हाताने 192.168.1.5 टाकून मोकळं होणं. राउटरला त्याची खबरच नसते. तो पत्ता त्याच्या वाटपाच्या रेंजमध्ये असेल, तर कन्सोल बंद असताना तोच दुसऱ्या कुणाला देऊन बसतो. मग एका पत्त्यावर दोघं, आणि नेट कधी चालतं, कधी नाही. म्हणून कन्सोल `Automatic` वरच राहू द्या आणि पत्ता राउटरमध्ये राखून ठेवा. `DHCP` च्या पानावर `Address Reservation` किंवा `Static DHCP` अशा नावाने ही सोय असते. तिथे कन्सोलचा मॅक अॅड्रेस आणि हवा तो आयपी लिहायचा. भाच्याच्या राउटरची रेंज .2 ते .254 होती. आम्ही .200 निवडला, कारण पाहुणे आले तरी घरातले फोन तिथवर पोचत नाहीत.

भाच्याने एवढं केलं, तरी पत्ता बदलेना. त्याने मॅक वाचून दाखवला तेव्हा लक्षात आलं. कन्सोलला दोन मॅक असतात, एक लॅन केबलचा आणि एक वायफायचा. पीएस5 मध्ये `Console Information` या पानावर दोन्ही दिसतात. याने वायफायचा लिहिला होता आणि कन्सोल चालत होता केबलवर. कन्सोल चालू ठेवून राउटरच्या `DHCP Client List` मध्ये त्याच्या आयपीसमोर जो मॅक दिसतो, तोच उचलायचा, म्हणजे घोळच होत नाही. पुढे केबल काढून वायफायवर आलात, तर हा राखीव पत्ता त्याला लागू होणार नाही, हेही ध्यानात असू द्या.

मॅक सुधारला, तरी .8 च! कारण आधी मिळालेला पत्ता कन्सोल मुदत संपेपर्यंत धरून ठेवू शकतो, आणि रेस्ट मोडमध्ये टाकणं म्हणजे बंद करणं नव्हे. पूर्ण बंद करून चालू केल्यावर .200 आला. एवढ्यावर हा गडी खेळायला बसला आणि पुन्हा मॉडरेट. फॉरवर्डिंगचा रूल अजून .5 वरच होता ना! राखीव पत्ता बदलला म्हणून रूल आपोआप बदलत नाही. तिथेही .200 लिहून सेव्ह करावं लागतं.

मग परीक्षा. लाइट जायची वाट कशाला बघायची? कन्सोल बंद करा, राउटरचा प्लग काढा, मिनिटभराने लावा. आधी घरातले सगळे फोन जोडू द्या, कन्सोल शेवटी चालू करा. तरीही .200 च आला आणि गेममध्ये ओपन दिसलं, तर काम झालं. फक्त राउटरच्या मागचं बारीक छिद्रातलं रीसेटचं बटण दाबू नका. रीस्टार्टने सेटिंग राहते, रीसेटने राखीव पत्ता आणि रूल दोन्ही पुसले जातात. त्या दोन पानांचे फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवलेले बरे.

हे सगळं बरोबर असूनही पोर्ट बंदच असेल, तर राउटरच्या स्टेटस पानावर `WAN IP` बघा. तो 100.64 ते 100.127 यांतल्या आकड्याने सुरू होत असेल, तर नेटवाल्याने अनेक गिऱ्हाइकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता दिलाय. बाहेरून येणारं तुमच्या राउटरपर्यंत पोचतच नाही, मग तुम्ही आत कितीही रूल लिहा. तिथे नेटवाल्याकडे पब्लिक आयपी मागावा लागतो. तो आकडा 192.168 ने सुरू होत असेल, तर बहुधा नेटवाल्याचा डबाही राउटरचं काम करतोय, म्हणजे एकामागे एक दोन राउटर. अशा वेळी त्या डब्यातही रूल लिहावा लागतो, आणि तिथे तुमच्या राउटरचा पत्ता राखून ठेवायचा, कन्सोलचा नव्हे.