डोळ्याच्या फोटोतले लाल ठिपके आणि लीड मॅडमचा मेल

बीएस्सी झाल्यावर मी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका ऑफिसात मेडिकल इमेज अ‍ॅनोटेशनच्या कामाला लागले, त्याला आता दोन वर्षं होतील. काम काय तर शुगरच्या पेशंटच्या डोळ्याच्या पडद्याचे फोटो येतात, फंडस फोटो म्हणतात त्याला, आणि त्यात जिथं जिथं बिघाड दिसतोय तिथं ब्रशने रंगवायचं, प्रत्येक प्रकाराला वेगळं लेबल. हे रंगवलेले फोटो बघून कॉम्प्युटरचं एक मॉडेल बिघाड ओळखायला शिकतं. हल्ली नवीन पोरं-पोरी लागतात ती पहिल्याच आठवड्यात विचारतात, ताई हा लाल ठिपका MA धरायचा का HE, आणि दरवेळी मी तीच गोष्ट पहिल्यापासून सांगत बसते, म्हणून आज एकदाच सगळं लिहून काढते.

MA म्हणजे मायक्रोअ‍ॅन्युरिझम. शुगरमुळे अगदी बारीक रक्तवाहिनीची भिंत कमजोर होते आणि तिथं छोटासा फुगा येतो. HE म्हणजे हेमरेज, म्हणजे रक्त वाहिनीतून बाहेर सांडलंय. मोठं हेमरेज असेल तर कुणीही ओळखेल, डाग पसरलेला असतो. पण बारीक गोल हेमरेज आणि जरा मोठा फुगा फोटोत शेजारी शेजारी आले की दोन्ही नुसते लाल ठिपके, तिथं सगळ्यांची गाडी अडते.

मी लागले तेव्हा नियमाच्या शीटमध्ये एवढंच होतं की लहान, गोल, स्पष्ट कडेचा असेल तर MA आणि मोठा किंवा वेडावाकडा असेल तर HE. लहान म्हणजे किती लहान हे कुठंच नव्हतं. मी 400 टक्के झूम करून काम करायचे, त्यामुळं मला प्रत्येक ठिपका मोठाच दिसायचा आणि मी HE मारत सुटले. माझ्या शेजारी कागलचा एक मुलगा बसायचा, तो 100 टक्क्यावरच सगळं उरकायचा, त्याला सगळे MA. दोघंही मन लावून काम करत होतो आणि दोघांनाही वाटत होतं आपलंच बरोबर. पाचव्या आठवड्यात आमच्या लीड मॅडमनी आम्हा दोघांना आणि अजून एकाला, अशा तिघांना न सांगता त्याच 20 इमेज दिल्या, आणि लेबल जुळवून बघितली तर या दोन लेबलात आमचं एकमेकांशी काहीच पटत नव्हतं. ऑप्टिक डिस्क, एक्झुडेट म्हणजे वाहिनीतून झिरपून साचलेले पिवळे डाग वगैरे व्यवस्थित जुळलेलं, गोंधळ फक्त लाल ठिपक्यांचा.

त्या रात्री मॅडमचा मेल आला. मला वाटलं आता बोलणी बसणार, पण मेलमध्ये कुणाचं नाव नव्हतं. सुरुवातच अशी होती: “चूक तुमची नाही, नियमात माप नव्हतं. उद्यापासून ‘लहान’ हा शब्द कुणी वापरायचा नाही, मोजायचं.”

मोजायचं कसं ते पुढं होतं. शुगरच्या डोळ्यांवर अमेरिकेत ETDRS नावाचा मोठा अभ्यास झाला होता, त्याच्या ग्रेडिंगमध्ये MA ची मर्यादा 125 मायक्रॉन धरलेली आहे, ठिपक्याची सगळ्यात लांब बाजू त्याच्या आत पाहिजे आणि कडा स्पष्ट पाहिजे. आता फोटोत मायक्रॉन कुठून मोजणार? म्हणून पट्टी फोटोतच शोधायची, आणि ती पट्टी म्हणजे ऑप्टिक डिस्क, जिथून डोळ्याची नस बाहेर पडते तो फिकट गोल. तिची रुंदी साधारण 1500 मायक्रॉन धरतात, म्हणजे 125 हा बरोबर तिचा बारावा भाग. प्रत्येक इमेज उघडली की आधी डिस्क मोजायची, बाराने भागायचं, आणि आलेला आकडा त्या इमेजची मर्यादा. डिस्क 480 पिक्सेल भरली तर 40 पिक्सेल. दुसऱ्या कॅमेऱ्याच्या फोटोत डिस्क 240 च भरली तर मर्यादा 20. झूम कितीही करा, हा आकडा हलत नाही, आणि माझा सगळा घोळ झूमचाच होता. घाईत असाल तर डिस्कच्या कडेला मोठी शीर जेवढी जाड दिसते तेवढीच ही मर्यादा असते, नजरेनं पटकन ताडता येतं, पण काठावरचा ठिपका असेल तर मोजाच.

एक अपवादही दिला होता. ठिपका मर्यादेपेक्षा मोठा आहे पण अगदी गोल, कडा गुळगुळीत आणि मधोमध बारीक चमक दिसतेय, तर तो MA च धरायचा.

मला त्या मेलमधलं सगळ्यात जास्त पटलं ते पुढचं. मॅडमनी स्पष्ट लिहिलं होतं की साध्या रंगीत फोटोवरून बारीक हेमरेज आणि फुगा यातला फरक शंभर टक्के कळतच नाही, डॉक्टरांनाही नाही. खात्री करायची तर हातात डाय टोचून अँजिओग्राफी करतात, त्यात फुगा डायने भरून चमकतो आणि हेमरेज काळंच राहतं. आपल्याकडं ती अँजिओग्राफी नाही. म्हणजे 125 चा नियम आपल्याला खरं काय ते सांगत नाही, आपण सगळे एकाच जागी रेघ मारतो एवढंच त्यानं साधतं. हे वाचल्यावर माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं, कारण तोपर्यंत मी प्रत्येक ठिपक्यापुढं पाच पाच मिनिटं बसून डॉक्टरसारखा निर्णय घ्यायला बघत होते.

मग रेघ कुठं मारतो याला एवढं महत्त्व का, तर ग्रेडमुळं. आंतरराष्ट्रीय स्केलमध्ये पडद्यावर फक्त MA असतील तर ग्रेड माइल्ड, म्हणजे 1. त्याच्या जोडीला हेमरेज आलं की मॉडरेट, म्हणजे 2. आणि तपासणीचे बरेच प्रोग्रॅम मॉडरेटपासून पुढच्या पेशंटला डोळ्याच्या डॉक्टरकडं पाठवतात. ग्रेड आपण देत नाही, डॉक्टर देतात, पण मॉडेल शिकणार आपल्या रंगवण्यावरून. मी HE मारत सुटले तर ते मॉडेल उगाच माणसं दवाखान्यात धाडणार, आणि कागलवाल्याच्या हिशोबानं शिकलं तर ज्याला पाठवायला पाहिजे तो घरी बसणार.

दुसरा मुद्दा धुळीचा, आणि हा मला स्वतःहून कधीच सुचला नसता. कॅमेऱ्याच्या लेन्सवर कण बसला की फोटोत छोटा गडद ठिपका येतो आणि तो MA सारखाच दिसतो. ओळखायची युक्ती अशी की त्याच पेशंटच्या दुसऱ्या डोळ्याचा फोटो उघडायचा आणि त्याच पिक्सेलच्या जागेवर बघायचं. डावा आणि उजवा डोळा आरशातल्यासारखे उलटे असतात, डिस्क एकात डावीकडं तर एकात उजवीकडं, त्यामुळं खरा बिघाड दोन्हीत अगदी त्याच कोऑर्डिनेटवर येणं जवळजवळ अशक्य. तिथंच ठिपका आहे आणि त्याच कॅमेऱ्यावरच्या पुढच्या पेशंटच्या फोटोतही आहे, तर तो डोळ्यात नाही, काचेवर आहे. शिवाय फोटोतले लाल, हिरवा असे रंगांचे चॅनल वेगळे करून बघायचे. रक्त हिरवा प्रकाश शोषतं, म्हणून खरा लाल ठिपका ग्रीन चॅनलमध्ये काळाकुट्ट दिसतो आणि रेड चॅनलमध्ये जवळजवळ पुसट होतो. धूळ दोन्हीत सारखीच काळी राहते.

माझी एक इमेज सांगते म्हणजे सगळं एका जागी दिसेल. मेलच्या आधी मी त्यात 23 ठिपके रंगवले होते आणि त्यातले 17 HE मारलेले. परत उघडली, डिस्क मोजली तर 492 पिक्सेल, भागिले 12 म्हणजे मर्यादा 41. मग एकेक मोजत गेले. 14 ठिपके मर्यादेच्या आत आणि कडा स्वच्छ, ते MA. चार मोठे निघाले, त्यातल्या एकाची कडा फाटल्यासारखी होती आणि कुठल्याच्या मध्ये चमक नव्हती, ते HE. वरच्या कोपऱ्यातले तीन मात्र रेड चॅनलमध्येही काळेच राहिले, दुसऱ्या डोळ्यात बघितलं तर तिथंच तीन ठिपके त्याच त्रिकोणात बसलेले, ते ARTIFACT. राहिले दोन, ते शिरेला एवढे चिकटून होते की शीर वळून पुढं गेलीय का ठिपका आहे हेच कळेना.

त्या दोघांसाठी मेलमध्ये UNSURE लेबल होतं. आधी आम्ही काय करायचो, कळलं नाही की सोडून द्यायचो, रिकामं ठेवलं म्हणजे सेफ असं वाटायचं. पण रिकामी जागा मॉडेल निरोगी समजून शिकतं, म्हणजे सोडून देणं हेही एक उत्तरच झालं आणि तेही आपण न बघता दिलेलं. UNSURE रंगवलं की तेवढी जागा ट्रेनिंगमधून वगळतात आणि ती इमेज रेटिनाच्या डॉक्टरांच्या रांगेत जाते. पण दर इमेजला दहा-बारा UNSURE यायला लागले तर मात्र आपण मोजायचा कंटाळा करतोय असं समजायचं, मॅडम ते बरोबर पकडतात.

कडेबद्दल एकच सांगते. ब्रश ठिपक्याच्या बाहेर एक पिक्सेल गेला तर काय होतंय असं सगळ्यांना वाटतं, मलाही वाटायचं. 10 पिक्सेल रुंदीच्या गोल ठिपक्याभोवती सगळीकडून एक पिक्सेल जास्त रंगवलं की क्षेत्रफळ 79 चं 113 होतं, आणि दोन जणांचं रंगवणं किती जुळतं ते मोजतात तो डाइस स्कोअर 1 वरून 0.82 वर येतो. तेच 100 पिक्सेलच्या डागाला केलं तर 0.98 राहतं. म्हणून बारीक ठिपक्याला ब्रश बारीकच घ्यायचा, आणि शंका आली तर आतली बाजू धरायची.

खिडकीजवळच्या मशीनवर दुपारी ऊन येतं तेव्हा पडदा ओढायचा आणि ब्राइटनेस सगळ्यांचा एकच ठेवायचा हेही मेलमध्ये होतं. आणि डबल रीडिंगची, म्हणजे दोघांना वेगवेगळी रंगवायला दिलेली इमेज सबमिट होईपर्यंत शेजारच्याच्या स्क्रीनकडं बघायचं नाही. आमच्या ऑफिसात सगळे गावाकडचेच, बोलत बोलत काम करायची सवय, त्यामुळं हे पाळणं सगळ्यात अवघड गेलं, पण एकमेकांना विचारून जुळवलेलं उत्तर मोजून काही कळतच नाही.

घरी सराव करायचा असेल तर इड्रिड नावाचा डेटासेट बघा, 2018 चा आहे आणि त्यातले फोटो आपल्या नांदेडच्या डोळ्यांच्या दवाखान्यातले आहेत. 516 फोटो, त्यातल्या 81 वर तज्ज्ञांनी पिक्सेल पिक्सेल रंगवलेलं आहे, लेबलही हीच, MA, HE, पिवळ्या एक्झुडेटला EX आणि पांढुरक्या मऊ एक्झुडेटला SE. आधी आपण रंगवायचं आणि मग त्यांचं उघडून बघायचं.

मेल वाचून दुसऱ्या दिवशी मी मॅडमना विचारलं की आधी केलेल्या 120 इमेजचं काय, आता नव्या नियमानं पुढं गेलं तर चालेल ना. त्या म्हणाल्या, “नाही गं, एका पोत्यात दोन मापांचं धान्य झालं ते.” मग प्रत्येक फाइलला नियमाची आवृत्ती लिहायची ठरली, जुन्या सगळ्यांना v1.0, नव्यांना v1.1, आणि v1.0 एकही बाकी असेपर्यंत बॅच पाठवायची नाही. पैसे इमेजवर मिळतात, त्यामुळं परतचं काम फुकट जाणार म्हणून आम्ही धास्तावलो होतो, पण ते तास मॅडमनी वर बोलून मोजायला लावले. नऊ दिवस लागले. नंतर त्याच 20 इमेज परत तिघांना दिल्या, तेव्हा कागलवाल्याचं आणि माझं फक्त पाच ठिपक्यांवर जुळलं नाही, आणि ते पाचही 38 ते 44 पिक्सेलच्या मधले, म्हणजे मर्यादेच्या काठावरचेच होते.