पर्सनल स्टेटमेंटचं पहिलं वाक्यच सुचत नसेल तर

लक्षण: फाइल उघडी, आणि ‘मला लहानपणापासून समुद्राची आवड’ याच्या पुढे काही सरकत नाही.

नमुने वाचले, तर त्यांचीच वाक्यं डोक्यात बसली. थेट इंग्रजीत लिहिताना गुळगुळीत विशेषणंच आली. फार वैताग आला.

लागू पडलं ते असं. फाइल बंद करून कागदावर, बोलतो तशा मराठीत, क्रमाने उत्तरं लिहायची: काय केलं? तिथे काय खटकलं? मग काय शोधलं? त्यातलं काय अजून कळत नाही? ‘का आवडतं’ हे सगळ्यात शेवटी, कारण पोकळपणा तिथूनच शिरतो.

मत्स्यविज्ञानाच्या अर्जासाठी उदाहरण: ‘रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर मासळी निवडायला मदत केली. बांगड्याची पिल्लं बरीच दिसली. बोटीच्या तांडेलांना विचारलं, तर म्हणाले जाळ्याचा आस, म्हणजे जाळ्याचं भोक, बारीक आहे. मग आसाच्या आकाराचे नियम वाचले. मोठ्या आसातून नेमकी किती पिल्लं सुटतात, ते मोजायचं कसं, हे कळत नाही.’

पहिला परिच्छेद ‘खटकलं’पासून सुरू करायचा, ‘कळत नाही’ हेच तो कोर्स निवडायचं कारण. इंग्रजी त्यानंतर. एखादं वाक्य दुसऱ्या कुणाच्याही अर्जात चाललं असतं, तर ते खोडून त्याच प्रश्नाचं उत्तर पुन्हा लिहायचं.