तीन ‘तुकड्यांचा’ दिवाणखाना

कैरोतल्या एका फ्लॅटची अरबी जाहिरात मी लंडनच्या ग्राहकासाठी इंग्रजीत केली होती. मजकूर इतकाच: १६५ मीम, ३ गुरफ, रिसेप्शन ३ कितअ, २ हम्माम. ‘मीम’ हे मीटरचं पहिलं अक्षर, इथे अर्थात चौरस मीटर. ‘गुरफ’ म्हणजे खोल्या, इथे बेडरूम. ‘कितअ’ म्हणजे तुकडे, म्हणून मी ‘थ्री रिसेप्शन रूम्स’ लिहून मोकळी झाले.

ग्राहकाने विचारलं, “तीन बेडरूम आणि वर तीन बैठकीच्या खोल्या, एवढ्या जागेत?” तेव्हा मी नकाशा मागवला. त्यात एकच मोठा, सलग दिवाणखाना होता. इजिप्तमध्ये ‘कितअ’ने त्याचा ऐसपैसपणा सांगतात: दोन सोफासेट आणि एक जेवणाचं टेबल मांडण्याइतकी जागा. ब्रिटिश वाचक मात्र तीन वेगळ्या खोल्या धरतो. आता मी ‘वन ओपन-प्लॅन लिव्हिंग अँड डायनिंग एरिया, रूम फॉर थ्री फर्निचर ग्रुप्स’ असं लिहिते आणि बेडरूमचा आकडा वेगळा देते.

१६५ मीटरबद्दलही मी विक्रेत्याला विचारलं, कारण तिथल्या आकड्यात बऱ्याचदा जिना-लिफ्टचा वाटा धरलेला असतो. आपल्याकडच्या सुपर बिल्टअपसारखंच. ते उत्तर मिळेपर्यंत मी ‘अॅडव्हर्टाइज्ड एरिया’ एवढंच लिहिते.

देश बदलला की मोजणीही बदलते. अल्जीरियातल्या जाहिरातीत F3 लिहिलेल्या फ्लॅटमध्ये दिवाणखाना धरून तीन खोल्या असतात, तर ट्युनिशियातल्या S+2मध्ये दिवाणखाना अधिक दोन. दोन्हीकडे बेडरूम दोनच.