डेअरीची ओळ: माझा अनुभव

ओळखीच्या डेअरीसाठी मी जाहिरातीची ओळ लिहिली होती: ‘दूध आमचे ताजे, पिऊन व्हा राजे’. कागदावर यमक पक्कं होतं. काकूंना एकदाच ऐकवून, दुसऱ्या दिवशी आठवून म्हणायला सांगितलं. त्या म्हणाल्या, “दूध आमचं ताजं...” आणि अडखळल्या. बोलताना ‘ताजे’चं ‘ताजं’ होतं, मग ‘राजे’शी जुळत नाही. शिवाय दोन्ही ‘ज’ही वेगळे; एक ‘जहाज’मधला, दुसरा ‘जेवण’मधला.

म्हणून यमक बोलीतल्या ‘-लं’वरच बांधलं: ‘पहाटे काढलं, सकाळी वाढलं’. यमक अचूक, पण काकूंनी लगेच विचारलं, “वाढलं म्हणजे पाणी घालून?” दुधाच्या धंद्यात हा संशय परवडत नाही. शेवटी ‘पहाटे काढलं, लगेच धाडलं’ ठेवलं. ढ-डचा फरक कानाला खटकत नाही, आणि काकूंनी आठवून म्हटलं तेव्हा एकही अक्षर बदललं नाही.