माफी आणि मागणी, दोन्ही ठेवून मेसेज अर्धा करायचाय? आधी ही तयारी करा

घरच्या कुणाची माफी मागून त्याच मेसेजमध्ये काही मागायचंही असेल आणि ड्राफ्ट लांबलचक झाला असेल, तर सगळ्यात आधी तो ड्राफ्ट व्हॉट्सअ‍ॅपच्या बॉक्समधून उचला आणि नोट्समध्ये टाका, कारण तिथे खोडताखोडता चुकून सेंड झाला की संपलं. त्याची एक कॉपी तशीच्या तशी बाजूला ठेवा, म्हणजे काही उडवताना जीव तुटत नाही, आणि काटछाट शक्यतो दुसऱ्या दिवशी करा, ज्या रात्री रडत लिहिलं त्याच रात्री नको.

माझ्या एका मित्राचं उदाहरण घेतो, त्याची परवानगी आहे. रूमच्या डिपॉझिटसाठी त्याने ताईकडून ६०,००० घेतले होते, मे अखेर देतो म्हणाला, दिले नाहीत, वर जूनमध्ये तिचे फोनही उचलले नाहीत, आणि मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी ताईला एफडी मोडावी लागली. आता त्याला माफी मागायची होती आणि हप्त्यांनी द्यायची मुभाही हवी होती. ड्राफ्ट झाला दीड-पावणेदोनशे शब्दांचा.

खोडायला लागण्याआधी वर दोन ओळी लिहून घ्या: माफी नेमकी कशाची, आणि मागतोय नेमकं काय. "सगळ्यासाठी सॉरी" आणि "थोडं समजून घे" हे चालणार नाही, त्यात ना चूक दिसते ना मागणी. मित्राच्या दोन ओळी अशा होत्या: पैसे वेळेवर दिले नाहीत आणि फोन टाळले, आधी २०,००० देऊन उरलेले ४०,००० चार हप्त्यांत देऊ का. आता प्रत्येक वाक्य या दोन ओळींपुढे धरायचं आणि कुठल्याच ओळीचं काम करत नसेल तर उडवायचं.

पहिल्यांदा जातात ती स्वतःच्या हालांची वाक्यं. "मला रात्र रात्र झोप नाही", "माझीच मला लाज वाटते" हे खरं असतं हो, पण वाचणाऱ्या ताईला आता ह्यालाच धीर द्यावा लागतो, म्हणजे जिचं नुकसान झालं तिच्याच गळ्यात अजून एक काम. मग जातात कारणं. ऑफिसमध्ये पगार लांबला हे एका वाक्यात सांगता येतं, पण माफीला चिकटून आलं की त्याची सबब होते, म्हणून ते ताईने विचारलं तर सांगायचं. मग लहानपणीच्या आठवणी, "तूच मला सायकल शिकवलीस" वगैरे, कारण पुढे पैशांची सवलत मागायची असली की तीच आठवण दबाव टाकायला आणल्यासारखी वाटते. आणि "मला माफ कर ना प्लीज" चार वेळा असेल तर चारही काढले तरी चालतात. ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीच्या रॉय लेविकी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये माफीचे सहा घटक तपासले, त्यात चूक स्वतःच्या अंगावर घेणं सगळ्यात वजनदार ठरलं, त्याखालोखाल नुकसान भरून द्यायची तयारी, आणि क्षमेची याचना सगळ्यात शेवटी. त्यामुळे कात्री तिथे बिनधास्त चालवा.

एवढं गेल्यावर उरलं ते हे:

"ताई, मे अखेर पैसे देतो म्हणालो आणि दिले नाहीत, जूनमध्ये तुझे फोनही टाळले. त्यामुळे चिऊच्या फीसाठी तुला एफडी मोडावी लागली. चूक पूर्ण माझी आहे, सॉरी. एफडी मोडल्याने व्याजाचं जे नुकसान झालं तेही मी देणार, आकडा सांग.

५ जुलैला २०,००० पाठवतोय. उरलेले ४०,००० ऑगस्ट ते नोव्हेंबर दर ५ तारखेला १०,००० असे दिले तर चालेल का? तुला आधी हवे असतील तर सांग, मी दुसरी सोय बघतो."

मधली रिकामी ओळ मुद्दाम आहे. माफी आणि मागणी यांच्यात "पण" आला की माफी खलास होते, आणि "म्हणून" आला तर ती मागणीसाठीच मागितल्यासारखी दिसते, त्यामुळे जोडशब्दच नको. शेवटचं वाक्य पण लांबी वाचवायला कापू नका, नाही म्हणायची वाट उघडी नसेल तर ती विनंती राहत नाही.

मग खालचा भाग बोटाने झाकून वाचा: नुसती माफी म्हणून हे पाठवता येईल का? मग वरचा झाका: किती, कधी, काय हे कळतंय का? वरचा भाग एकाच "सॉरी"वर आला असेल आणि ताईला काय सोसावं लागलं ते गायब असेल तर जास्त कापलंय, एफडीचं वाक्य परत आणा. एकदा मोठ्याने वाचा, ऑफिसच्या मेलसारखं वाटलं तर घरात बोलता तसे शब्द घाला, लांबी तीच ठेवून.

पाठवल्यावर ब्लू टिक आली आणि उत्तर नाही आलं तर कापलेली वाक्यं एकेक करून मागून पाठवू नका, ती नोट्समध्येच राहू देत, ताईचा फोन आला की त्यातलं जे ती विचारेल तेवढं सांगा.