फेस स्वॅपसाठी फोटो देताना या चुका टाळा

भाच्याच्या मुंजीनंतर मामेबहिणीने घरच्या ग्रुपवर फेस स्वॅप केलेला, म्हणजे एकाचा चेहरा दुसऱ्याच्या चित्रावर लावलेला, एक गमतीचा फोटो टाकला. बटूचा चेहरा, खाली मावळ्याचा वेश. सगळ्यांना आवडला. मी तिला विचारलं, "मूळ फोटो कुठे दिलास?" ती म्हणाली, "एका ॲपवर. ते तर मी लगेच काढूनही टाकलं."

पहिली चूक इथेच होते. ॲप काढलं की फक्त आपल्या फोनमधलं ॲप जातं. चेहरा बदलण्याचं काम बहुतेक वेळा कंपनीच्या सर्व्हरवर होतं, आणि तिथे गेलेली प्रत तशीच राहू शकते. आम्ही ॲपने दिलेली तिच्या फोटोची लिंक ब्राउझरच्या इन्कॉग्निटो विंडोत उघडली. लॉगिन न करताही फोटो दिसला, म्हणजे ती लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला तो दिसणार. म्हणून आधी ॲपमध्ये जाऊन फोटो आणि खातं डिलीट करा, मग तीच लिंक पुन्हा उघडून बघा. ती बंद झाली तरी आतली प्रत गेली याची खात्री नसते, त्यामुळे गोपनीयता धोरणातल्या पत्त्यावर ईमेल करून फोटो काढल्याचं लेखी उत्तर मागा.

दुसरी चूक म्हणजे अटी न वाचणं. चीनमधल्या 'झाओ' या ॲपने 2019 मध्ये वापरणाऱ्यांच्या फोटोंवर मोफत, कायमचा आणि मागे न घेता येणारा हक्क अटींत लिहून ठेवला होता. लोक संतापले, तेव्हा कंपनीने त्या अटी बदलल्या. सगळं वाचायला वेळ नसेल तर निदान फोटो किती दिवस ठेवतात आणि तो एआयला शिकवायला वापरतात का, एवढं तरी शोधा. उत्तर सापडलं नाही तर फोटो देऊ नका.

बहिणीने ॲपला पूर्ण गॅलरी उघडून दिली होती. त्यात आधार कार्डाचे फोटोही होते! Android 14 आणि त्यापुढच्या फोनमध्ये परवानगी मागताना निवडक फोटोच देण्याचा पर्याय येतो, आयफोनमध्येही तो आहे. तोच निवडा. मूळ फोटोत ठिकाण आणि वेळही नोंदलेली असू शकते, म्हणून चेहऱ्यापुरता स्क्रीनशॉट घेऊन तो द्या. त्यात ठिकाणाची नोंद नसते, शिवाय मागची गाडीची नंबर प्लेट किंवा शाळेचा बिल्लाही कापला जातो.

मुलांचे फोटो मात्र देऊच नयेत असं माझं ठाम मत आहे. पासवर्ड बदलता येतो, चेहरा येत नाही. मित्रमैत्रिणींचा फोटोही त्यांना विचारल्याशिवाय देऊ नये.

फोटोचा अश्लील गैरवापर झालाच, तर आधी लिंक आणि तारखेसह स्क्रीनशॉट जपून ठेवा, मग cybercrime.gov.in वर तक्रार करा. असा फोटो पसरू नये म्हणून प्रौढांना StopNCII.org वापरता येतं. तिथे फोटो द्यावा लागत नाही. त्याचा डिजिटल ठसा आपल्याच फोनवर तयार होतो आणि फक्त तोच पुढे जातो.